ज्युनिअरला टू-बीचं काम देताना मी काय काय सांगतो

शाहूपुरीत एका टॅक्स ऑफिसात काम करतो. नवीन पोरं आर्टिकलशिपला येतात, आणि वर्षा-दीड वर्षात त्यांच्याच हाताखाली आणखी नवीन पोरं येतात, तेव्हा पहिल्यांदा काम दुसऱ्याला द्यायची वेळ येते. त्यांच्यासाठी हे लिहितोय. एकच काम धरून सांगतो, शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचं खरेदी रजिस्टर जीएसटीच्या टू-बीशी, म्हणजे सप्लायरांनी रिटर्नमध्ये दाखवलेल्या बिलांच्या पोर्टलवरच्या यादीशी, जुळवायचं.

बहुतेक जण असं सांगतात, "अरे ते फाउंड्रीचं टू-बी बघून घे की जरा." आता 'बघून घे' म्हणजे त्या पोरानं नक्की काय करायचं? फक्त टोटल जुळवायची, का एकेक बिल बघायचं, का सप्लायरला फोन लावायचा? तो विचारायला लाजतो, आपल्या अंदाजानं काहीतरी करतो आणि १९ तारखेला रात्री आपल्यापुढं नुसता टोटलमधला फरक आणून ठेवतो.

म्हणून आधी काम कशासाठी हे सांगायचं, तेपण आकड्यात. मी असं सांगतो: स्क्रॅपचं २,४०,००० चं बिल आहे, १८ टक्क्यांनी त्यावर टॅक्स ४३,२०० होतो, सप्लायरनं ते बिल त्याच्या रिटर्नमध्ये दाखवलं नाही तर आपल्या टू-बीत येत नाही, आणि टू-बीत नाही तर या महिन्यात क्रेडिट घेता येत नाही, म्हणजे मालकाला ४३,२०० जादा भरायची सोय करावी लागते. एवढं कळलं की कुठलं बिल आधी बघायचं हे पोरगं स्वतःच ठरवतं, पन्नास रुपयाच्या कुरिअर बिलामागं दुपार घालवत नाही.

मग हातात काय पाहिजे ते. मी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहूनच देतो, कारण तोंडी सांगितलेलं चहा प्यायला जाऊन येईपर्यंत निम्मं विसरतं:

"एका एक्सेलमध्ये चार भाग कर. जुळलेली बिलं, टॅलीत आहेत पण टू-बीत नाहीत, टू-बीत आहेत पण टॅलीत नाहीत, आणि रक्कम वेगळी असलेली. एक रुपयाच्या आतला फरक सोड. न जुळलेल्या प्रत्येक बिलापुढं कारण लिही, माहीत नसेल तर 'माहीत नाही' लिही. फाउंड्रीच्या अकाउंटंटना तू फोन कर, सप्लायरला नको. टॅलीत एंट्री बदलू नकोस. १८ ला संध्याकाळी पाचपर्यंत दे. १६ ला सकाळी अकराला सगळ्यात मोठ्या दोन सप्लायरची बिलं घेऊन माझ्याकडं ये, बाकीची नसली तरी चालतील."

तारखा अशा का, तर टू-बी १४ तारखेला तयार होतं आणि दर महिन्याचं थ्री-बी, म्हणजे टॅक्स भरायचं रिटर्न, २० ला भरायचं असतं. १८ धरली की मालकाला पैशाची जुळणी करायला दोन दिवस मिळतात, आणि २० ला पोर्टल रडतंय ते वेगळंच. पण ज्युनिअरला २० सांगून मनात १८ ठेवायची, हे करू नका. खरी तारीख आणि तिचं कारण दोन्ही सांगा.

१६ तारखेचं बसणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तिथं "झालं का?" विचारलं की "होत आलंय सर" एवढंच ऐकू येतं, म्हणून शीटच उघडायला लावायची. एकदा एका पोरानं आणलेल्या शीटमध्ये स्क्रॅपवाल्याचं एकही बिल जुळत नव्हतं. एवढा मोठा, नियमित रिटर्न भरणारा सप्लायर, त्याची सगळीच बिलं कशी गायब होतील? एक बिल उघडून बघितलं तर टॅलीत नंबर नुसता 214 आणि टू-बीत SS/214. बिल नंबरावर फॉर्म्युला लावला होता, त्यामुळं सगळी न जुळलेल्यात गेली. मग जीएसटी नंबर, तारीख आणि करपात्र रक्कम अशी जुळवणी करायला सांगितली, दुपारपर्यंत त्या सप्लायरचं एकच बिल उरलं, ते खरंच त्यानं दाखवायचं राहिलं होतं. हेच १८ ला संध्याकाळी कळलं असतं तर सगळं परत करायला वेळच नव्हता.

त्या बसण्यात आपण माऊस हातात घ्यायचा नाही, हे मात्र पाळा. "हे बिल कुठं गेलं असेल, तुला काय वाटतंय?" एवढं विचारा आणि थांबा. तिमाही रिटर्न भरणाऱ्या सप्लायरनं दरम्यान बिल अपलोड केलं नसेल तर ते तिमाही संपल्यावरच दिसतं, असली कारणं त्याला एकदा स्वतःला सापडली की पुढच्या वेळी तो शीटमध्ये आपणहून लिहितो.

ज्यानं टू-बी कधी उघडलंच नाही त्याला हा मेसेज पाठवून भागत नाही. त्याच्याबरोबर एक महिना शेजारी बसून करा, मग द्या. आणि ज्याच्या शीटमध्ये कारणाचा रकाना नीट भरून येतोय, त्याचं १६ चं बसणं पुढच्या महिन्यात दहा मिनिटांवर आणा, पण त्याच फाउंड्रीत नवा अकाउंटंट आला की परत पूर्ण बसा, कारण बिल नंबर टाकायची पद्धत तिथंच बदलते.