रात्री नऊला झोपवायला जाता आणि मूल अकरापर्यंत जागं? या चुका टाळा

नर्सरी आणि ज्युनियर केजीच्या आईबाबांनो, हे तुमच्यासाठी. सकाळी गेटवर जे रडणं, लोळणं, बॅग फेकणं चालतं त्याबद्दल बोलायचंय. बरेच जण म्हणतात टीचर, त्याला शाळाच आवडत नाहीये. असेलही. पण ज्याला आईला सोडवत नाही ते मूल आत आलं, खेळणी दिसली की थोड्या वेळात शांत होतं. झोप कमी पडलेलं मूल उलटं वागतं. धावताना, झोपाळ्यावर एकदम मस्त असतं आणि गोल करून गोष्ट ऐकायला बसवलं की शेजारच्याला ढकल, चिमटा काढ, नाहीतर सरळ सतरंजीवर आडवं. झोप कमी पडली की मोठी माणसं पेंगतात, ही चिल्लीपिल्ली मात्र चेकाळतात, त्यामुळे घरी रात्री दहाला सोफ्यावरून उड्या मारणारं पोर बघून तुम्हाला वाटतं ह्याला झोपच आलेली नाहीये. आलेली असते, पण वेळ टळून गेलेली असते.

आता मुद्द्याचं. असं काही सांगितलं की आईबाबा त्याच रात्रीपासून फर्मान काढतात, आजपासून नऊला झोपायचं म्हणजे झोपायचं. आणि मग दोन तास ते पाणी पाहिजे, सू आली, अजून एक गोष्ट, भीती वाटते, शेवटी ओरडाआरडा, एक फटका, रडून रडून अकराला झोप. चार दिवसांनी सगळे दमतात आणि पुन्हा जैसे थे. सगळ्यात मोठी चूक हीच आहे, सुरुवात रात्रीपासून करणं. रात्रीची झोप दुरुस्त करायची तर सकाळ आणि दुपार आधी धरावी लागते.

दुपारच्या झोपेचा घोळ

एका मुलाचं उदाहरण देते, वय पावणेचार, आईबाबा दोघं नोकरीला, दिवसभर आजीजवळ. शाळा साडेआठ ते साडेअकरा. घरी आला की जेवण, मग आजीची कामं होईपर्यंत टीव्ही, आणि सव्वाचारच्या सुमारास टीव्हीसमोरच डोळा लागायचा तो सव्वासहापर्यंत. आजी बिचारी उठवायची नाही, कारण तेवढाच तिला आराम आणि उठवलं तर तासभर रडारड. रात्री अकराला झोप, सकाळी सव्वासातला गदागदा हलवून उठवणं, अर्धं दूध, रिक्षा, आणि गेटवर तमाशा.

त्याच्या बाबांनी मला हिशोब करून दाखवला, रात्री सव्वाआठ तास अधिक दुपारी दोन तास म्हणजे सव्वादहा तास होतायत की! जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितल्याप्रमाणे ३ ते ४ वर्षांच्या मुलाला दिवसभरात, दुपारची धरून, १० ते १३ तास झोप लागते, म्हणजे कागदावर पास. पण ही रेंज आहे, कोणाला दहा पुरतात, कोणाला बारा लागतात, आणि आपल्या मुलाला किती लागते ते रविवारी कळतं. हा मुलगा रविवारी दहापर्यंत उठायचा नाही, म्हणजे आठवडाभराची उधारी फेडत होता. त्याच संस्थेने अजून एक गोष्ट सांगितलीये ती लोक वाचत नाहीत, झोपायची आणि उठायची वेळ रोज सारखी असावी. रविवारी दहाला उठलेल्या मुलाला त्या रात्री बारापर्यंत झोप येत नाही आणि सोमवारी सकाळी सातला उठवलं तर त्याच्या शरीरासाठी ती मध्यरात्रच असते. म्हणून सोमवारी गेटवर सगळ्यात जास्त भोंगे वाजतात.

झोप येण्यासाठी अंगात जागरणाचा साठा व्हावा लागतो. मूल जितका वेळ सलग जागं तितकी झोपेची ओढ वाढते आणि दुपारी झोपलं की ती उतरते. साधारण चार वर्षांच्या मुलाला दुपारच्या झोपेतून उठल्यावर रात्रीची झोप यायला पाच ते सात तास जागं राहावं लागतं. सव्वासहाला उठलेलं मूल नऊला झोपणार कसं? ते हट्टी नाहीये, त्याला खरंच झोप येत नाहीये.

मग आम्ही काय केलं

पहिलं, उठायची वेळ सात. रोज, रविवारीपण, फार तर साडेसात. उठल्याबरोबर पडदे उघडायचे, गॅलरीत किंवा खिडकीशी उजेडात बसवून दूध द्यायचं, कारण सकाळचा उजेड शरीराच्या घड्याळाला दिवस सुरू झाला हे सांगतो.

दुसरं, दुपारची झोप बंद नाही करायची, पुढची मागे आणायची. ही चूक खूप जण करतात, दुपारची एकदम तोडतात, मग मूल संध्याकाळी सहाला रिक्षात नाहीतर खांद्यावर झोपतं आणि वीस मिनिटांच्या त्या डुलकीने रात्रीची वाट लागते. या मुलाला घरी आल्यावर टीव्ही लावायचाच नाही, साडेबाराला जेवण, एकला पडदे ओढून आजीच्या शेजारी आडवा, सव्वादोनला उठवायचं. आजीला हे पटायला वेळ लागला, पण तिलाही दुपारी पाठ टेकायला मिळते म्हटल्यावर तीच पक्की झाली. उठवल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं किरकिर होते, ती होऊ द्यायची, पाणी द्यायचं आणि खाली सोसायटीत न्यायचं.

तिसरं, आणि इथे आईबाबांना धक्का बसतो, सुरुवातीला रात्री लवकर झोपवायचंच नाही. मूल खरोखर ज्या वेळी झोपतं, म्हणजे अकरा, तीच पहिली वेळ. अंथरुणावर साडेदहाला जायचं, त्याआधी नाही. तीन रात्री पडल्यावर पंधरा-वीस मिनिटांत झोप लागली की पाव तास अलीकडे आणायचं. पुन्हा तीन रात्री, पुन्हा पाव तास. अर्धा तास लोळत राहिला तर ती वेळ अजून दोन दिवस तशीच ठेवायची. अकरावरून नऊवर यायचं म्हणजे आठ पायऱ्या, साधारण साडेतीन आठवडे. शेवटी हा मुलगा नऊ ते सात झोपायला लागला, अधिक दुपारचा सव्वा तास, म्हणजे सव्वाअकरा तास. पहिला आठवडा मात्र संध्याकाळी पाच-सहाला तो खूप चिडचिडला होता, तेव्हा त्याला बाहेरच ठेवायचं, गाडीत किंवा टीव्हीसमोर बसवायचं नाही, नाहीतर डोळा लागलाच.

तुमचं मूल पाळणाघरात झोपत असेल तर तिथल्या मावशींना नीट विचारा किती वाजता झोपतो आणि कधी उठतो. "झोपतो ना दुपारी" एवढ्यावर समाधान मानू नका. आणि साडेचार-पाच वर्षांचं मूल दुपारी पडून राहतं पण झोपत नाही, आणि संध्याकाळी ठीक असतं, तर त्याची दुपारची झोप सुटत आलीये, जबरदस्ती करू नका, रात्रीची अर्धा-एक तास अलीकडे घ्या.

ट्यूबलाईट, टीव्ही आणि साडेनऊची लोकल

मोबाईलबद्दल सगळेच ओरडतात म्हणून मी वेगळं सांगते, दिवे बघा. संध्याकाळी अंधार पडला की मेंदूत मेलाटोनिन नावाचं झोपेचं हार्मोन वाढायला लागतं आणि भगभगीत उजेडात ते दबतं. लहान मुलांच्या बुबुळांतून प्रकाश जास्त आत जातो. अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये ३ ते ५ वर्षांच्या मुलांना झोपायच्या आधी तासभर प्रखर उजेडात खेळवून बघितलं होतं, २०१८ मध्ये ते प्रसिद्ध झालं, मेलाटोनिन जवळपास ८८ टक्के खाली गेलं आणि उजेड कमी केल्यावरही पाऊण तासाहून जास्त वेळ बऱ्याच मुलांमध्ये ते वर आलं नाही. प्रयोगातला उजेड घरातल्या दिव्यापेक्षा खूप जास्त होता हे खरं, पण दिशा कळते.

आता मुंबईत सगळ्यांकडे मुलांची वेगळी खोली नसते हे मला माहितीये, मीपण वन रूम किचनमध्येच वाढलेय. त्यामुळे सगळ्यांनी नऊला झोपा असं मी म्हणणार नाही. आठनंतर मोठी ट्यूब बंद करून एखादा पिवळा दिवा लावा, मुलाचं अंथरूण टीव्हीकडे पाठ होईल असं घाला, सिरीयल बघायचीच असेल तर आवाज कमी करा. पंख्याचा आवाज चालतो. आवाजापेक्षा बदलता उजेड जास्त त्रास देतो.

खरा गुंता बाबांचा असतो. बाबा साडेनऊला स्टेशनवर उतरणार, पावणेदहाला घरी, आणि पोर दाराकडे डोळे लावून. बाबा आले की उचलून वर उडव, गुदगुल्या, खाऊ, झोप गेली ती गेली. बाबांना मुलाचा वेळ मिळायलाच पाहिजे, फक्त तो सकाळी घ्या. सातला बाबांनी उठवायचं, दात घासून द्यायचे, अंघोळ, शाळेत सोडणं. एका घरात हे सुरू केल्यावर मुलगा उठताना रडायचाच थांबला कारण उठल्यावर बाबा मिळतात. रात्री बाबा घरी यायच्या आत मूल झोपलेलं बरं, नसेल झोपलं तर बाबांनी फक्त शेजारी पडून हळू आवाजात गोष्ट सांगायची, कुस्ती रविवारी.

बाकी बारीकसारीक. आजोबांच्या बशीतला संध्याकाळचा चहा बंद, चार वर्षांच्या पोराला तेवढं कॅफीनपण पुरतं. जेवण झोपेच्या तासभर आधी. दूध आधी, ब्रश नंतर, मग सू, मग एक गोष्ट, दोन नाही, हा क्रम रोज तोच, अर्ध्या तासात संपणारा. आणि प्लीज, सर्दीचं सिरप दिलं की छान झोपतो म्हणून ते देऊ नका, मेलाटोनिनच्या गमीजपण मनाने नकोत, तुमच्या बालरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय नाहीच.

वेळापत्रकाने न सुटणारं

समजा तीन-चार आठवडे सगळं नीट केलंत, मूल दहा-अकरा तास झोपतंय, तरी सकाळी तसंच मरगळलेलं. मग रात्री त्याच्याजवळ बसून बघा. सर्दी नसताना आठवड्यातून तीनपेक्षा जास्त रात्री घोरतंय, तोंड उघडं, मान मागे टाकून झोपतंय, मध्येच श्वास थांबल्यासारखा होऊन दचकतंय, घामाने उशी ओली, तर "बाबांवर गेलाय" म्हणून हसू नका. नाकामागच्या ॲडेनॉइडच्या गाठी किंवा टॉन्सिल वाढलेले असू शकतात आणि मग तास भरतात पण झोप तुटक होते. मोबाईलवर अर्धा मिनिट व्हिडिओ काढा आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवा, ते गरज वाटली तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे पाठवतील. पाय सारखे झाडत असेल, पायात कसंतरी होतं म्हणत असेल तर लोह कमी आहे का विचारा, आणि रात्री शीच्या जागी खाजवत उठत असेल तर जंतांचं.

गणपती, लग्न, गावाला जाणं यात वेळा मोडणारच. एक रात्र बाराला झोपलं म्हणून काही होत नाही, दुसऱ्या दिवशी नेहमीपेक्षा फार तर तासभर उशिरा उठवा, दुपारी एकलाच थोडं जास्त झोपू द्या. आणि त्या सकाळी शाळेत सोडताना मला गेटवर एवढंच सांगा, टीचर काल उशीर झाला, म्हणजे त्या दिवशी मी त्याला गोल करून बसवायच्या ऐवजी कोपऱ्यातल्या गादीवर पडू देईन.