चढावर फेकलेल्या चेंडूचा पल्ला आणि योग्य कोन कसा काढावा

चढाच्या पायथ्याशी उभं राहून वरच्या दिशेला चेंडू फेकला, तर तो चढावर किती लांब पडेल? आणि कोणत्या कोनात फेकला तर सर्वांत लांब जाईल? अकरावीच्या मुलांना याचं सूत्र पाठ करायला सांगतात. हा सल्ला मला अजिबात पटत नाही. सूत्र आठवतं, पण त्यातला कोन जमिनीपासून मोजलाय की चढापासून, हे आठवत नाही आणि गणित जातं. चार ओळींत ते उभं करता येतं, तेच शिका.

आधी आकृती. चढाचा क्षितिजाशी कोन α, फेकीचा क्षितिजाशी कोन θ, सुरुवातीचा वेग u. दोन्ही कोन क्षितिजापासूनच मोजायचे. काही पुस्तकांत फेकीचा कोन चढापासून दिलेला असतो. तिथे त्यात α मिळवून घ्या आणि मगच पुढे जा.

आता वेळ काढायची, आणि इथेच बहुतेकांची गाडी अडते. अक्ष तिरके करा: एक चढाच्या बाजूने, दुसरा चढाला लंब. लंब दिशेला वेगाचा घटक u sin(θ−α) आणि गुरुत्वत्वरणाचा घटक g cos α. चेंडू चढावरून निघून चढावरच पडतो, म्हणजे लंब दिशेतलं विस्थापन शून्य. त्यावरून

T = 2u sin(θ−α) / (g cos α)

इथपर्यंत सगळे येतात. पुढची चूक मात्र वर्षानुवर्षं तीच दिसते. सपाट जमिनीवर आडव्या दिशेला त्वरण नसतं, त्या सवयीने हात आपोआप R = u cos(θ−α) · T असं लिहून मोकळा होतो. पण अक्ष तिरके केल्यावर गुरुत्वाचा एक घटक, g sin α, चढाच्या बाजूनेही चेंडूला मागे खेचत असतो. तो विसरलात तर पल्ला भलताच मोठा येतो.

आकडे घालून बघा. चढ 30°, फेक 60°, u = 20 मी/से, g = 10 मी/से² धरू. T येतो 2.31 सेकंद. त्या चुकीच्या ओळीने पल्ला 40 मीटर येईल. मागे खेचणाऱ्या त्वरणामुळे त्यातले 13.3 मीटर कमी होतात, म्हणून खरा पल्ला 26.7 मीटर.

ती वजाबाकी करण्यापेक्षा माझं ठाम मत असं, की T मिळाला की तिरके अक्ष सोडून द्या. वेळ कुठल्याही अक्षांत तीच राहते. आडव्या दिशेला वेग u cos θ कायम असतो, म्हणून आडवं अंतर 10 × 2.31 = 23.1 मीटर. चढावरची लांबी हवी, तर त्याला cos 30° ने भागा: 26.7 मीटर. विसरायला इथे काही उरतच नाही. अक्षरांत लिहिलं तर

R = 2u² cos θ sin(θ−α) / (g cos²α)

सर्वोत्तम कोनासाठी डेरिव्हेटिव्ह काढत बसू नका. 2 cos θ sin(θ−α) म्हणजेच sin(2θ−α) − sin α. यात θ बदलल्यावर फक्त पहिलं पद बदलतं, आणि ते जास्तीत जास्त 1 होतं. तेव्हा 2θ−α = 90°, म्हणजे

θ = 45° + α/2,  R = u² / (g(1 + sin α))

आकृतीत पाहिलं तर ही दिशा चढ आणि उभी रेषा यांमधला कोन बरोबर दुभागते. उखळी तोफेचा नेम वर किंवा खाली असलेल्या लक्ष्यावर कसा धरावा, यावर एडमंड हॅलीने 1695 मध्ये लिहिलं होतं, त्यात हाच नियम आहे.

'45° ला फेकलं की सर्वांत लांब जातं' हे फक्त सपाट जमिनीपुरतं खरं. आपल्या 30° च्या चढावर 45° ने फेकलं तर पल्ला 19.5 मीटर, म्हणजे तब्बल सात मीटरचं नुकसान. चढ 60° असेल तर 45° ची फेक थेट चढातच घुसते. तिथे 75° लागतात आणि पल्ला 21.4 मीटर मिळतो.

हे सगळं हवेचा रोध नाही असं धरून आहे. शिवाय चेंडू पायाशी सुटत नाही, खांद्याच्या उंचीवरून सुटतो. त्यामुळे मैदानातला आकडा तंतोतंत जुळणार नाही.

उत्तर तपासायची एक खात्रीची रीत आहे. सर्वोत्तम कोनात फेकलेल्या चेंडूचा पडतानाचा वेग फेकीच्या वेगाला काटकोनात असतो. आपल्या उदाहरणात सुरुवातीचे घटक 10 आणि 17.3, पडताना 10 आणि −5.8. आडव्यांचा गुणाकार 100, उभ्यांचा साधारण −100, बेरीज शून्य. शून्य आली नाही, तर कोन किंवा वेळ यांपैकी एक चुकलंय. उतारावर खाली फेकायचं असेल तर α ऋण घ्या: 30° च्या उतारावर कोन 30° येतो आणि पल्ला 80 मीटर.