जीबीएसचं पत्रक मराठीत लिहिताना

२०२५च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात नसांवर परिणाम करणाऱ्या एका आजाराचे रुग्ण एकामागून एक सापडू लागले आणि त्याचं नाव मराठीत लिहायचं कसं यावरच सगळे अडले. कुठे ‘गुइलेन बॅरे सिंड्रोम’, कुठे ‘गुलियन बॅरी’, तर बोलताना सरसकट ‘जीबीएस’. रुग्णांसाठी माहितीपत्रकं आणि संमतीपत्रं मराठीत लिहिणं हे माझं काम. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांना मी हल्ली याच एका आजाराचं पत्रक लिहायला देतो. व्यक्तीच्या नावावरून पडलेलं आजाराचं नाव, इंग्रजी आद्याक्षरं आणि लॅटिन अनेकवचनं हे तिन्ही घोळ त्यात एकत्र भेटतात.

आधी नाव. गियान आणि बॅरे हे दोन फ्रेंच डॉक्टर. पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, त्यांनी श्ट्रोल या तिसऱ्या सहकाऱ्यासह दोन सैनिकांमधल्या या आजाराचं वर्णन केलं. तिसऱ्याचं नाव पुढे गळालं. म्हणजे नावात दोन माणसं आहेत, एका माणसाचं नाव-आडनाव नाही. म्हणून मध्ये जोडरेघ हवीच. रेघ गेली की वाचकाला वाटतं, बॅरे आडनावाचा कोणी गियान होता.

उच्चाराचं म्हणाल तर अस्सल फ्रेंच उच्चार लिहून उपयोग नाही. शेवटचा अनुनासिक दाखवायला ‘गियाँ’ लिहावं, तर चंद्रबिंदू मराठी वाचकाच्या सवयीचा नाही. ‘गियां’ लिहिलं की तो जुन्या धाटणीचा अनुस्वार समजतो. मी ‘गियान-बॅरे’ लिहितो. न अडखळता मोठ्याने वाचता येतं आणि डॉक्टर जे बोलतात त्याच्या पुरेसं जवळ आहे. एक धोका मात्र कायम डोक्यात ठेवा. ‘बॅ’वरचा चंद्र टंकताना सुटला, किंवा दुसऱ्या फाँटमध्ये नेताना उडाला, की मागे उरतं ‘बरे’. आजाराच्या नावातच ‘बरे’! छपाईला देण्यापूर्वी हा एक शब्द शोधून प्रत्येक ठिकाणी तपासायचा. शिवाय पत्रकात एकदाच, ठळक जागी, रोमन लिपीतलं मूळ स्पेलिंग द्यायचं आणि बातम्यांत आलेलं रूपही सांगायचं. नातेवाईक फाइलवरचं नाव पत्रकाशी जुळवून बघतात आणि जुळलं नाही तर ‘हे आपल्या पेशंटचं नाही’ म्हणून बाजूला ठेवतात.

इथे इंग्रजीतल्या षष्ठीचा प्रश्न येत नाही, पण इतरत्र येतो. ‘पार्किन्सन्सचा आजार’ यात ‘स’ही षष्ठीचा आणि ‘चा’ही षष्ठीचा. शुद्धपणे ‘पार्किन्सनचा आजार’ पुरतं. पण पुण्यातल्या आधारगटाचं नावच ‘पार्किन्सन्स मित्रमंडळ’ आहे, रुग्णांच्या तोंडी तेच रूप बसलंय, तेव्हा तिथे मी हट्ट करत नाही. डाउन सिंड्रोमच्या बाबतीत मात्र एक वाक्य खर्च करतो: हे लँगडन डाउन या डॉक्टरांचं नाव आहे. नाही तर ‘डाउन’ म्हणजे काहीतरी कमी, असं पालकांना वाटत राहतं.

आता आद्याक्षरं. इंग्रजी पत्रकाचा नियम असतो, पहिल्यांदा पूर्ण रूप द्या, मग संक्षेप वापरा. मराठीत तो जसाच्या तसा पाळला तर ‘इलेक्ट्रोकार्डिओग्राम’ असं लिहून वाचकाच्या हाती काहीच पडत नाही. ‘हृद्विद्युतालेख’ लिहिलं तरी तेच. रुग्णाच्या कानावर ‘ईसीजी’ पडलेलं असतं, तेव्हा सुरुवात तिथूनच करायची आणि पुढे काय करतात ते सांगायचं: ‘ईसीजी, म्हणजे छातीला आणि हातापायांना वायरी लावून हृदयाच्या विद्युत लहरींची काढलेली नोंद.’ एकदा एवढं सांगितलं की पुढे नुसतं ईसीजी. अक्षरांमध्ये टिंबं नकोत, कारण प्रत्यय जोडताना ‘ई.सी.जी.मध्ये’ हे डोळ्याला टोचतं. पहिली ई दीर्घ. आणि अक्षरांची नावं मराठी वळणाची: आय, व्ही, झेड. हिंदी पत्रकावरून मजकूर उचलला की ‘आईसीयू’ आणि ‘आईवी’ हमखास शिरतात. जी आद्याक्षरं शब्दासारखी उच्चारतात ती शब्दासारखीच लिहायची, एड्स हे सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण.

जीबीएसच्या पत्रकात ईसीजी आणि बीपी दोन्ही येतात, कारण या आजारात हातापायांच्या नसांबरोबर हृदयाचे ठोके आणि रक्तदाब सांभाळणाऱ्या नसांवरही परिणाम होऊ शकतो. म्हणून आयसीयूत दोन्हींवर सतत लक्ष ठेवतात. मूळ इंग्रजी वाक्याचा अर्थ एवढाच होता की बीपी वरखाली होऊ शकतं. पहिला मसुदा घेऊन एका वॉर्डात बसलो होतो. सिस्टर पट्टा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, ‘काका, बीपी बघते हं.’ शेजारी बसलेल्या काकू लगेच म्हणाल्या, ‘यांना बीपी नाहीये हो सिस्टर, शुगर आहे.’ सिस्टर हसल्या आणि पट्टा बांधला.

इंग्रजीत बीपी हे मोजमाप आहे. मराठी घरांत मात्र ‘बीपी आहे’ म्हणजे उच्च रक्तदाबाचा आजार आहे. दोन्ही वापर पक्के रुजलेले आहेत, आणि एकाच पत्रकात दोन्ही आले की गोंधळ होतो. ‘तुमच्या रुग्णाचं बीपी वाढू शकतं’ हे वाचून काकूंना वाटणार, आता आयुष्यभराची गोळी मागे लागली. त्यामुळे ते वाक्य असं झालं: ‘आधी बीपीचा त्रास नसला तरी या आजारात रक्तदाब काही दिवस अचानक वाढतो किंवा उतरतो, म्हणून तो वारंवार मोजतात.’ आजारासाठी बीपी, मोजमापासाठी रक्तदाब, अशी विभागणी मी सगळीकडे ठेवतो. तिचा व्याकरणालाही फायदा होतो. बोलताना ‘बीपी वाढलं’ असतं आणि लिहिताना ‘रक्तदाब वाढला’. एकाच वाक्यात दोन्ही आले की क्रियापद कुणाच्या मागे जावं हे त्यालाच कळत नाही. आकडे द्यायचेच तर ‘वरचं’ आणि ‘खालचं’ म्हणावं, सगळे तसंच म्हणतात.

संक्षेपाचा खरा धोका आणखी एका ठिकाणी आहे. प्रसूतिविभागातही ‘जीबीएस’ असतं, पण तिथे ते एका जीवाणूचं नाव आहे, ग्रुप बी स्ट्रेप्टोकॉकस. गरोदर बाईच्या तपासणीत हा जीवाणू आढळला तर रिपोर्टवर जीबीएस पॉझिटिव्ह येतं. पुण्यातल्या बातम्या वाचलेल्या बाईने तो रिपोर्ट बघितला तर काय वाटेल? म्हणून दोन्ही विभागांच्या पत्रकांत पहिल्याच परिच्छेदात सांगायचं की हे जीबीएस कुठलं आणि कुठलं नाही. तुमच्याकडे संज्ञांची यादी असेल तर तिच्यात संक्षेपाच्या शेजारी विभागाचा रकाना ठेवा. एमएस हृदयाच्या कागदावर झडपेचा विकार असतो आणि मेंदूच्या कागदावर मल्टिपल स्क्लेरोसिस. विभाग माहीत नसताना संक्षेप उलगडू नये.

लॅटिन अनेकवचनांचं काम त्यामानाने सोपं आहे, पण नवे लोक नेमके इथे इंग्रजीच्या मागे जातात. बॅक्टेरियम एकवचन आणि बॅक्टेरिया अनेकवचन हा भेद मराठीत आणायचा नाही. मराठीत ‘हा बॅक्टेरिया’ आणि ‘हे बॅक्टेरिया’ दोन्ही चालतं. जीवाणू आणि विषाणू यांचंही अनेकवचन तेच राहतं. मग वचन दिसतं कुठे? प्रत्यय लागल्यावर, एका अनुस्वारात. ‘जीवाणूमुळे’ म्हणजे एकाच प्रकारच्या, ‘जीवाणूंमुळे’ म्हणजे अनेक. पुण्यातल्या काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनाय सापडला. ते वाक्य लिहिताना ‘या जीवाणूमुळे’ हवं. ‘पोटाच्या संसर्गानंतर हा आजार होऊ शकतो, तो वेगवेगळ्या जीवाणूंमुळे किंवा विषाणूंमुळे झालेला असू शकतो’ या वाक्यात मात्र दोन्ही अनुस्वार लागतात. तो ठिपका पडला तर मूळ मजकुरातलं अनेकवचन हरवतं आणि स्पेलचेक काही बोलत नाही, कारण दोन्ही रूपं शुद्ध आहेत.

‘जेजुनाय’ पाहून कुणी त्याचं एकवचन शोधत बसू नये. तिथला शेवट अनेकवचनाचा नाही, षष्ठीचा आहे. लहान आतड्याच्या जेजुनम या भागावरून ते नाव पडलं. ई. कोलायमधलं ‘कोलाय’ही असंच, मोठ्या आतड्याचं. तिथे ई नंतरचं टिंब ठेवायचं, कारण तो एका नावाचा संक्षेप आहे.

जिथे रोजचा मराठी शब्द आहे तिथे प्रश्नच मिटतो. पाठीतलं पाणी काढण्याच्या संमतीपत्रात ‘व्हर्टिब्री’ कशाला? ‘कमरेच्या दोन मणक्यांच्या मधून’ म्हटलं की झालं. सोनोग्राफीच्या रिपोर्टात कॅल्क्युलस असेल तर खडा, कॅल्क्युलाय असेल तर खडे. कॅन्सरच्या रिपोर्टात मात्र जपायला हवं. मेटास्टॅसिस आणि मेटास्टॅसीज हे दोन शब्द देवनागरीत शेजारी ठेवले तर शेवटाचाच काय तो फरक, आणि घाईत वाचणाऱ्याच्या तो लक्षात येत नाही. तिथे वचन शब्दावर सोपवू नका, ‘यकृतात पसरलेली एक गाठ’ किंवा ‘अनेक गाठी’ असं स्पष्ट लिहा.

राहता राहिलं डिस्चार्ज कार्ड. जीबीएसमध्ये चेहऱ्याचे स्नायू कमजोर झाले तर पापणी पूर्ण मिटत नाही, आणि डोळा कोरडा पडू नये म्हणून थेंब किंवा मलम देतात. कार्डावर औषधापुढे ‘ओडी’ असेल तर थांबा. गोळीपुढे त्याचा अर्थ दिवसातून एकदा. डोळ्यांच्या विभागात तीच दोन अक्षरं लॅटिनमधून उजव्या डोळ्यासाठी येतात. डोळ्याच्या मलमापुढे यातला कुठला अर्थ आहे, हे मराठी करणाऱ्याने अंदाजाने ठरवायचं नसतं. ज्यांनी लिहिलं त्या डॉक्टरांना विचारायचं आणि मराठीत दोन्ही गोष्टी अक्षरी लिहायच्या: कोणता डोळा आणि दिवसातून किती वेळा. ‘बीडी’, ‘टीडीएस’, ‘एचएस’ यांनाही मराठी कागदावर जागा नाही. दिवसातून दोनदा, तीनदा, रात्री झोपताना.