पट्टी बदलली, पण चाल तीच राहिली का? असे तपासा

गड्डा यात्रेच्या दिवसांत भाची सोलापुरात घरी आली होती. कीबोर्डवर पांढरी एकमध्ये बसवलेली चाल तिला गायला खाली पडत होती. "मामा, मी ती पांढरी चारवर नेली, पण कानाला खटकतंय," ती म्हणाली. अशा वेळी कानावर सोडून देऊ नका, मोजा.

चालीची पहिली ओळ होती सा ग म प म ग रे सा. पांढरी एक म्हणजे सी. तेव्हा मूळ सूर सी, ई, एफ, जी, एफ, ई, डी, सी. पांढरी चार म्हणजे एफ. तिने लिहिलं होतं: एफ, ए, बी, सी, बी, ए, जी, एफ.

आधी पहिला सूर बघा. एका पट्टीवरून लगतच्या पट्टीवर गेलं की एक घर. सीपासून एफपर्यंत काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या धरून पाच घरं होतात. म्हणजे प्रत्येक सूर पाचच घरं वर गेला पाहिजे.

आता शेजारशेजारच्या सुरांतलं अंतर मोजा. मूळ चालीत सी ते ई चार घरं, ई ते एफ एक, एफ ते जी दोन. तिच्या कागदावर एफ ते ए चार, बरोबर. पण ए ते बी दोन आणि बी ते सी एक! चूक इथेच. तिने पांढऱ्या पट्ट्याच मोजल्या आणि शुद्ध मचा तीव्र म झाला. योग्य सूर बी-फ्लॅट, म्हणजे काळी पाच. नुसती अंतरं जुळवून मात्र थांबू नका. सुरुवातच चुकली असेल तर सगळी अंतरं जुळूनही चाल भलत्याच पट्टीत असते.

त्याच काळ्या पट्टीला ए-शार्पही म्हणतात, पण इथे ते नाव लिहू नका. एफच्या सप्तकात प्रत्येक अक्षर एकदाच येतं. ए-शार्प लिहिलं तर ए दोनदा येतो आणि बी गायब होतो.

कॉर्डही पाच घरंच सरकतात. सी, एफ, जी यांचे एफ, बी-फ्लॅट, सी होतात. मेजर कॉर्डमध्ये मूळ सुरापासून आधी चार, मग तीन घरं असतात. मायनरमध्ये आधी तीन, मग चार. बी-फ्लॅट, डी, एफ मोजलं की चार-तीन येतं, म्हणजे मेजर. भाचीने वाजवलेल्या बी, डी, एफमध्ये तीन-तीन येत होतं. तो डिमिनिश्ड कॉर्ड, म्हणून तो अधांतरी वाटत होता.

एक जागा मात्र फसवी आहे. हात सोयीने ठेवला की तोच कॉर्ड डी, एफ, बी-फ्लॅट असा वाजतो. खालचा सूर डी दिसला म्हणून त्याला डी मायनर म्हणू नका. तिन्ही अक्षरं एकाआड एक येतील अशी मांडा: बी-फ्लॅट, डी, एफ. आता जे सर्वात खाली आलं, तेच कॉर्डचं नाव. घरं मोजायची ती इथून.