भाऊबंदांच्या ग्रुपमधून बाहेर पडताना

आमच्या भाऊबंदांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप खान्देशातल्या कानबाई देवीच्या रोटांसाठी, म्हणजे भाऊबंदांनी मिळून करायच्या तिच्या नैवेद्यासाठी सुरू झाला. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, तेव्हा गहू किती, वर्गणी किती, कोण कधी येणार हे त्यावर ठरायचं. पुढे वर्षभर सुप्रभात आणि राजकारण सुरू झालं. मला बाहेर पडायचं होतं, पण अ‍ॅडमिन होते नाना, वडिलांचे चुलत भाऊ.

२०२२ पासून व्हॉट्सअ‍ॅपवर तुम्ही बाहेर पडलात की सूचना फक्त अ‍ॅडमिनला जाते. म्हणजे इतरांना लगेच कळत नाही, पण ज्याला सगळ्यात जास्त लागणार, त्यालाच ते आधी दिसतं. म्हणून आधी नानांना फोन. मेसेज नको; मेसेजमध्ये आवाज नसतो, आणि मोठी माणसं तो रागानेच वाचतात.

फोनच्या आधी दोन गोष्टी उरकून घ्या. वर्गणी बाकी असेल तर देऊन टाका, नाहीतर पैशांसाठी पळाला असं होतं. तुम्हीही अ‍ॅडमिन असाल तर आधी दुसऱ्या कुणाला अ‍ॅडमिन करा. वाद चालू असताना किंवा कुणाच्या दशक्रियेचा निरोप नुकताच आलेला असताना मात्र थांबा. दोन-तीन दिवस शांत गेले की बघा.

मी नानांना म्हटलं, "नाना, फोन दिवसभर वाजतो, कामात लक्ष लागत नाही. ग्रुपमधून निघतो. रोटांचं, लग्नाचं, सुखदुःखाचं काही असलं तर मला फोन करा, मी हजर." नाना क्षणभर गप्प राहिले, मग विचारलं, "का रे भो, काही चुकनं का आमनं?" इथे खरं कारण एकच सांगायचं आणि कुणाच्याही मेसेजचं नाव काढायचं नाही. मी म्हटलं, "नाही नाना, माझंच काम वाढलंय."

मग ग्रुप उघडून वरच्या नावावर टॅप करा, खाली जाऊन 'ग्रुपमधून बाहेर पडा' निवडा. ग्रुपवर लांबलचक निरोप टाकू नका; त्यावर पन्नास जण 'का?' विचारतात. पण आधीच्या सदस्यांची यादी ६० दिवस दिसते. तिथे नाव पाहून कुणी विचारलं, तर नानांना दिलेलं उत्तरच द्या. दोघांना दोन कारणं सांगितली की तिसऱ्याच्या घरी चहावर ती जुळवून पाहतात.

कुणी पुन्हा जोडलं तर लगेच निघू नका. जोडणाऱ्याला फोन करून समजवा, मग निघा. तरीही थांबत नसेल, तर सेटिंग्जमधल्या प्रायव्हसीत जाऊन ग्रुपखाली 'माझे कॉन्टॅक्ट्स, हे सोडून' निवडा आणि त्याच्या नावावर खूण करा. मग त्याला थेट जोडता येत नाही, फक्त आमंत्रण पाठवता येतं, आणि ते तीन दिवसांत संपतं.

नाना तुमच्यासाठी फारच हळवे असतील, तर ग्रुप कायमचा म्यूट करून आर्काइव्हमध्ये टाका. मी आईच्या फोनवर तेच केलंय. श्रावण लागला की ती तो स्वतः उघडते.