निवृत्त होताना क्लायंट कसे सोपवले

माझ्या निवृत्तीचा मेल ऑफिसात सगळ्यांना गेला, तोवर माझ्या मोठ्या क्लायंटना ती बातमी ठाऊक झालेली होती. हा क्रम मी मुद्दाम ठेवला. विक्रीच्या कामाला नुकतीच सुरुवात केलेल्यांना त्यामागचं कारण कळावं, म्हणून हे लिहितो आहे. पुढे तुम्ही नोकरी बदलाल किंवा कुणाचे क्लायंट तुमच्याकडे येतील, तेव्हाही हेच सगळं करावं लागणार आहे.

आधी वरिष्ठांशी बोलून माझ्या जागी कोण येणार ते पक्कं केलं. ते ठरेपर्यंत बाहेर कुणालाच काही सांगितलं नाही, कारण बातमी ऐकल्यावर क्लायंटचा पहिला प्रश्न असतो, ‘मग आमचं काम कोण बघणार?’ त्याचं उत्तर तयार नसेल तर तो दुसरा पुरवठादार शोधायला लागतो. नाव ठरल्यावर मोठ्या क्लायंटना मी स्वतः फोन केले, त्याच दिवशी प्रत्येकाला वेगळं पत्र पाठवलं आणि मग ऑफिसचा मेल लिहिला. उशीर केला असता तर बातमी त्यांना ट्रान्सपोर्टवाल्याकडून किंवा स्पर्धक कंपनीच्या माणसाकडून कळली असती.

क्लायंटच्या पत्रात मोजकंच लिहिलं: माझा शेवटचा दिवस कोणता, पुढे कोण पाहणार, ठरलेले दर आणि डिलिव्हरीच्या तारखा तशाच राहणार, आणि आम्ही दोघं भेटायला कधी येणार. ‘काही लागलं तर मला कधीही फोन करा’ हे वाक्य लिहायचा मोह फार होतो. ते मी लिहिलं नाही. तसं लिहिलं की क्लायंट अडचणीच्या वेळी जुन्याच माणसाला फोन लावतो, आणि नव्या माणसाकडे फक्त बिलं पाठवायचं काम उरतं.

ऑफिसच्या मेलमध्ये सहकाऱ्यांचे आभार मानताना प्रत्येकाचं एखादं नेमकं काम लिहिलं. महिनाअखेरीला अडकलेला माल रात्री थांबून गाडीत चढवणाऱ्या डिस्पॅचच्या माणसाला त्याच कामाबद्दल धन्यवाद दिले. ‘सर्वांचे मनःपूर्वक आभार’ हे वाचून मला त्याचं ते काम आठवतं हे त्याला कसं कळलं असतं? क्लायंटचं नाव मात्र त्या मेलमध्ये एकही घातलं नाही. असे मेल सहज बाहेर फॉरवर्ड होतात.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो फायलीत नसलेल्या गोष्टी कागदावर आणण्यात. एका जुन्या क्लायंटच्या करारात पैसे देण्याची मुदत 30 दिवसांची होती. त्यांच्याकडे बिलं मंजूर करणारी बैठक महिन्यातून एकदाच होते, म्हणून आमच्यात तोंडी 45 दिवस ठरलेले. अकाउंट्स विभागाचा स्मरणपत्राचा मेल त्यांना जाऊ नये, एवढी काळजी मी दर महिन्याला स्वतः घेत असे. मी गेल्यावर 31व्या दिवशी तो मेल गेला असता, आणि त्यांना वाटलं असतं की नव्या मॅडमनी आल्याआल्या धोरण बदललं. ही सवलत मी आमच्या वरिष्ठांना सांगितली, त्यांची मंजुरी घेतली, क्लायंटकडून दोन ओळींचा मेल मागवला आणि तो अकाउंट्सकडे दिला. तुमच्याकडे क्लायंट येतील तेव्हा जाणाऱ्या माणसाला हे नक्की विचारा: ‘कागदावर नाही असं तुम्ही यांना काय कबूल केलं आहे?’ हा प्रश्न एकदा विचारून भागत नाही. प्रत्येक क्लायंटची मागच्या वर्षभराची बिलं समोर ठेवून विचारलं की अशा गोष्टी आपोआप आठवतात.

भेटींमध्ये मी हळूहळू मागे सरकलो. पहिल्या भेटीत मी बोललो आणि माझ्या जागी येणाऱ्या सहकारीने टिपणं घेतली. दुसऱ्या भेटीत ती बोलली. क्लायंट उत्तरासाठी माझ्याकडे बघायचे, तेव्हा मी तिच्याकडे बघायचो. तिसऱ्या भेटीला ती एकटी गेली. त्यानंतरही फोन येत राहिले. एकदा एका साहेबांनी डिलिव्हरीची तारीख विचारली. मला ती माहीत होती, तरी म्हणालो, “त्या बघताहेत, तासाभरात तुम्हाला फोन करतील.” लगेच तिला कळवलं, “तू कर फोन, तारीख तूच सांग.” अशा वेळी गप्प बसणं मला जड गेलं, पण ते गरजेचं होतं. आणि नव्या माणसाने तो फोन खरंच तासाभरात करायला हवा, नाहीतर पुढच्या वेळी क्लायंट पुन्हा जुनाच नंबर फिरवतो.

काम नीट सोपवलं गेलं की नाही, हे मी गोड बोलण्यावरून ठरवत नाही. अभिनंदन सगळेच करतात. क्लायंट पहिली तक्रार कुणाकडे नेतो, ते मी बघतो. मागच्या आठवड्यात खराब निघालेल्या मालाची एक तक्रार थेट तिच्याकडे गेली. मला ती कळली दोन दिवसांनी, तीही माल बदलून दिल्यावर.