साठ पानांचा हँडओव्हर, एका पानाचं पत्र

पुढच्या सोमवारी सहकारी तुमचं काम हाती घेणार आणि हँडओव्हरची फाइल आहे साठ पानांची. ती तो पूर्ण वाचेल, या भरवशावर राहू नका. ठाण्याहून दादरपर्यंत उभ्याने जाताना मोबाइलवर वाचून होईल, एवढंच पत्र लिहा. उदाहरण म्हणून मुलुंडमधल्या एका सोसायटीच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग घेऊ.

फाइल वर्क ऑर्डरपासून सुरू होते. पत्र तिथून सुरू केलंत तर अर्धं पान इतिहासातच जातं. त्याऐवजी फाइल चाळताना एकच प्रश्न धरून ठेवा: पहिल्या आठवड्यात कोणतं काम त्याच्यासाठी थांबणार नाही? इथे त्याचं उत्तर थेट पान ३८ वर दडलं होतं. पत्राची सुरुवात तिथूनच:

“कोबा झाला आहे. काल, गुरुवारी सकाळी गळतीच्या चाचणीसाठी गच्चीत पाणी भरलं, ते पुढच्या गुरुवारपर्यंत ठेवायचं आहे (पान ३८). रोज सकाळी पातळी बघ. मग वरच्या मजल्यावरच्या चारही फ्लॅटची छतं टॉर्च मारून तपास, विशेषतः पाइप उतरतात ते कोपरे. उन्हाने पाणी थोडं घटतं, त्याची काळजी नको. छताला ओल दिसली तर तिच्याभोवती खडूने रेघ ओढ, फोटो काढ आणि कंत्राटदाराला बोलावून दाखव. चाचणी संपेपर्यंत कंत्राटदाराचं चौथं आरए बिल पास करू नकोस.”

प्रत्येक सूचनेपुढे पान क्रमांक द्या, म्हणजे शंका आली तर त्याला साठ पानं उलटावी लागत नाहीत.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो फाइल स्वतःशीच भांडते तिथे. याच बिलाची रक्कम पान १२ वर ४,८०,०००, तर पान ४७ वर ४,३५,००० होती. गुपचूप एक आकडा उचलू नका. दोन्ही लिहा आणि कारणही: “मोजमापात कठड्याचं प्लास्टर दोनदा धरलं गेलं होतं. संयुक्त मोजणीनंतरचा, पान ४७ चा आकडा धर.” कारण नक्की माहीत नसेल तर तसं स्पष्ट लिहा आणि कोणाला विचारायचं तेही सांगा.

शेवटी, फाइलमध्ये नसलेलं लिहा, म्हणजे तोंडी दिलेले शब्द. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना दुपारी दोन ते चार ठोकाठोक होणार नाही असं सांगितलंय. हे कुठल्याच रकान्यात बसत नाही, पण मोडलं तर सेक्रेटरींचा फोन पहिला त्यालाच येणार.

पत्र झालं की प्रत्येक तारीख, रक्कम आणि पान क्रमांक फाइल उघडून पडताळा. पाठ आहे म्हणून सोडू नका. शुक्रवारी दुपारपर्यंत पाठवा आणि संध्याकाळी फोन करून एवढंच विचारा, “सोमवारी आधी कुठे जाशील?” तो “ऑफिसात बसून बिलं बघेन” म्हणाला, तर पत्राचा पहिला परिच्छेद पुन्हा लिहा.